शिळा इशारा: मूव्हिंग अॅव्हरेजचा क्रॉसओव्हर नेहमी उशिरा का येतो?

३० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात ‘डेथ क्रॉस’ झाला. निर्देशांकाची ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीखाली घसरली. चार्ट वाचणारी मंडळी याला मोठ्या मंदीची खूण मानतात. पण त्या दिवशी बाजार कोसळला नव्हता, उलट तीन टक्क्यांहून अधिक वधारून २६२६ वर बंद झाला होता. कोविडच्या धास्तीने झालेल्या पडझडीचा तळ आठवडाभर आधीच, २३ मार्चला, २२३७ वर लागून गेला होता.

पुढे ९ जुलैला ५० दिवसांची सरासरी पुन्हा २०० दिवसांच्या वर गेली. हा ‘गोल्डन क्रॉस’, म्हणजे तेजीचा इशारा. तोवर निर्देशांक ३१५२ वर पोहोचला होता. १९ फेब्रुवारीला ३३८६ चा उच्चांक झाला होता. त्यानंतर डेथ क्रॉसवर विकून गोल्डन क्रॉसवर परत घेणाऱ्याने ७६० पॉइंट पडल्यावर विकलं आणि जे विकलं तेच वीस टक्के महाग घेतलं. दोन्ही इशारे नियमाप्रमाणे अचूक आले होते, फक्त उशिरा आले होते. हा उशीर कुठून येतो आणि किती असतो, हे सरासरी काढण्याच्या रीतीतूनच कळतं. त्याला शाळेतल्या बेरीज-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही.

सरासरी चालते म्हणजे काय

साधी चल सरासरी, म्हणजे सिंपल मूव्हिंग अॅव्हरेज, काढायला फार सोपी. पाच दिवसांची हवी असेल तर शेवटच्या पाच दिवसांचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करायची, पाचाने भागायचं. उद्या नवा भाव आला की तो आत घ्यायचा आणि सर्वांत जुना बाहेर काढायचा. खिडकी एक दिवस पुढे सरकते, म्हणून ही सरासरी ‘चालते’. दिवस मोजायचे ते बाजार उघडा असलेले. वर्षात असे साधारण २५० दिवस भरतात, म्हणून बातम्यांमध्ये ज्याला ‘२०० डीएमए’ म्हणतात त्या सरासरीत जवळपास दहा महिन्यांचे भाव असतात.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सरासरी आज किती हलली हे ठरवायला दोनच आकडे पुरतात: आत आलेला आणि बाहेर गेलेला. मधले सगळे कालही होते, आजही आहेत. ३० मार्च २०२० चंच उदाहरण घ्या. त्या दिवशी ५० दिवसांच्या खिडकीत २६२६ हा भाव आत आला आणि १६ जानेवारीचा ३३१६ हा भाव बाहेर पडला. फरक ६९० चा. त्याला ५० ने भागलं की जवळजवळ १४ पॉइंट येतात. बाजार तीन टक्के वर जात असताना सरासरी मात्र १४ पॉइंट खाली आली, कारण तिची तुलना कालच्या भावाशी नव्हती, जानेवारीतल्या भावाशी होती. त्याच दिवशी २०० दिवसांच्या सरासरीतून आदल्या वर्षीच्या जूनमधला २८९१ हा भाव गेला. तिथला फरक २६५ चा आणि भागायचं २०० ने, म्हणजे ती जेमतेम सव्वा पॉइंट हलली. भरभर खाली येणाऱ्या एका रेषेने जवळपास स्थिर असलेल्या दुसऱ्या रेषेला छेद दिला. डेथ क्रॉस झाला तो एवढ्यामुळे.

यातून पहिला नियम हाती लागतो. आजचा भाव ५० दिवसांपूर्वीच्या भावापेक्षा खाली जात नाही, तोवर ५० दिवसांची सरासरी खाली वळूच शकत नाही.

सरासरीचं वय

पाच दिवसांच्या सरासरीत आजचा भाव शून्य दिवस जुना, कालचा एक दिवस, आणि सर्वांत जुना चार दिवस. या वयांची सरासरी येते दोन दिवस. म्हणजे आज चार्टवर दिसणारी पाच दिवसांची सरासरी खरं तर दोन दिवसांपूर्वीच्या बाजाराचं वर्णन करत असते. कितीही दिवसांची सरासरी असो, दिवसांतून एक वजा करून निम्मं केलं की तिचं वय मिळतं. ५० दिवसांच्या सरासरीचं वय साडेचोवीस दिवस, २०० दिवसांच्या सरासरीचं साडेनव्याण्णव.

अर्थशास्त्रज्ञ जुन्या आकडेवारीचा अभ्यास करताना सरासरी खिडकीच्या मधोमध मांडतात. मग ती भावाला छान लगटून चालते आणि उशीर दिसेनासा होतो. पण तशी आजची सरासरी काढायला पुढच्या पंचवीस दिवसांचे भावही हाताशी लागतात. ते अभ्यासकाकडे असतात, बाजारात उभ्या माणसाकडे नसतात. त्यामुळे व्यवहारासाठी काढलेली सरासरी मागे राहणारच.

दोन रेषांची गाठ

आता क्रॉसओव्हर. लहान मुदतीची सरासरी मोठ्या मुदतीच्या सरासरीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री, असा हा नियम. ऐकताना वाटतं, लहान सरासरी चपळ आहे, ती बाजाराचं वळण लवकर पकडेल. पण इथे कशाची तुलना कशाशी होते ते पाहू.

२०० दिवसांच्या सरासरीत शेवटचे ५० दिवसही असतातच. ते दोन्हीकडे सारखे आहेत. म्हणून ‘५० ची सरासरी २०० च्या खाली गेली’ असं म्हणणं आणि ‘शेवटच्या ५० दिवसांची सरासरी त्याआधीच्या १५० दिवसांच्या सरासरीखाली गेली’ असं म्हणणं, गणिताने एकच. आता या दोन गटांचं वय काढा. शेवटच्या ५० दिवसांचं सरासरी वय साधारण २५ दिवस, त्याआधीच्या १५० दिवसांचं साधारण १२५ दिवस. म्हणजे प्रत्येक डेथ क्रॉस ढोबळमानाने एवढंच सांगतो: महिनाभरापूर्वीचा बाजार सहा महिन्यांपूर्वीच्या बाजारापेक्षा खाली होता. महिना बाजाराच्या दिवसांचा, म्हणजे वीस-बावीस दिवसांचा धरला आहे. आजच्या बाजाराबद्दल त्यात फारसं काही नसतं.

हे अगदी बारकाईने पाहायचं तर एक कल्पित शेअर घेऊ. त्याचा भाव रोज एक रुपया वाढत १०० वरून १२० वर गेला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक रुपया उतरू लागला. ना अफवा, ना धक्के, बाजार याहून सरळ असू शकत नाही. त्यावर ५ आणि २० दिवसांच्या सरासरी लावू. अमेरिकी कमोडिटी व्यापारी रिचर्ड डॉन्चियन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी जोडी आहे.

शिखराच्या दिवशी, भाव १२० असताना, ५ दिवसांची सरासरी ११८ आहे आणि २० दिवसांची ११०.५०. दोन्हींमध्ये साडेसात रुपयांचं अंतर आहे. हे अंतर मागच्या तेजीची साठवण आहे, आणि ती संपल्याशिवाय रेषा एकमेकींना भेटणार नाहीत. दुसऱ्या दिवशी भाव ११९ झाला तरी ५ ची सरासरी वाढून ११८.६० होते. तिसऱ्या दिवशी भाव ११८, आणि सरासरी आणखी वर, ११८.८०. चपळ म्हणवणारी रेषासुद्धा शिखरानंतर दोन दिवस वरच चढत राहते. मग ती वळते. शिखरानंतर सातव्या दिवशी भाव ११३ आहे, ५ ची सरासरी ११५ आणि २० ची ११४.७०. अजून इशारा नाही. आठव्या दिवशी भाव ११२ होतो, ५ ची सरासरी ११४ वर येते, २० ची ११४.९० वर जाते आणि छेद पडतो. शिखर १२०, विक्रीचा इशारा ११२ ला. आणि भाव आठ दिवस सलग पडत असूनही २० दिवसांची सरासरी त्या दिवशीदेखील वाढतच होती.

या उदाहरणात आठ दिवसांचा उशीर झाला, पण तो ठरलेला आकडा नाही. आधीची तेजी जितकी जोरात, तितकं शिखरावर दोन रेषांमधलं अंतर मोठं. आणि नंतरची घसरण जितकी सावकाश, तितका ते अंतर मिटायला वेळ जास्त. घसरण वेगाने झाली तर छेद लवकर पडतो, पण तोवर भाव खूप खाली आलेला असतो. उशीर दिवसांत मोजा किंवा रुपयांत, कुठल्या तरी एका बाजूने तो भरावाच लागतो.

भारांकाने काम होईल का?

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन देणं. एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग अॅव्हरेज, म्हणजे ‘ईएमए’, हेच करते. तिची रीत अशी: २ ला दिवस अधिक एक या संख्येने भागायचं. ९ दिवसांच्या ईएमएसाठी २ भागिले १०, म्हणजे ०.२. आजचा भाव आणि कालची ईएमए यांच्यातल्या फरकाचा एवढा हिस्सा कालच्या ईएमएत मिळवायचा. काल ईएमए १०० होती आणि आज भाव एकदम ११० झाला, तर आजची ईएमए १०२. उद्याही भाव ११० राहिला, तर १०३.६०. साधी ९ दिवसांची सरासरी याच दोन दिवसांत १०१.११ आणि १०२.२२ वर असेल. ईएमए लवकर जागी होते, यात वाद नाही.

पण भाव रोज एकेक रुपया चढत राहिला, तर बरेच दिवस गेल्यावर ९ दिवसांची साधी सरासरी भावापेक्षा चार रुपये मागे असते आणि ९ दिवसांची ईएमएही चारच रुपये मागे असते. हा योगायोग नव्हे. २ भागिले दिवस अधिक एक हे सूत्रच असं आहे की दोन्हींचं सरासरी वय सारखं यावं. ईएमएत ताज्या भावाचं वजन जास्त असतं, पण तिच्या खिडकीला मागचं टोक नसतं. खूप जुने भावही थोडे थोडे उरून राहतात आणि हिशेब बरोबरीत येतो. अचानक झालेल्या उडीला ईएमए चटकन उत्तर देते, चालू असलेल्या ट्रेंडच्या मागे मात्र ती तितकीच रेंगाळते.

दुसरा उपाय मुदत कमी करण्याचा. ५० आणि २०० ऐवजी ५ आणि २० घेतले की उशीर घटतो हे खरं. त्याची किंमत साइडवेज बाजारात कळते. समजा एखादा शेअर १०० आणि ११० यांच्यामध्येच फिरतो आहे. दहा दिवस रोज रुपया चढतो, दहा दिवस रोज रुपया उतरतो, आणि पुन्हा तेच. २० दिवसांच्या सरासरीत एक अख्खं आवर्तन मावतं, म्हणून ती १०५ वर सपाट राहते. ५ दिवसांची सरासरी तिला ओलांडते ती तळानंतर आठव्या दिवशी, भाव १०८ असताना. खरेदी केली. दोन दिवसांत भाव ११० ला टेकून वळतो. विक्रीचा इशारा पुन्हा शिखरानंतर आठव्या दिवशी येतो, भाव १०२ असताना. प्रत्येक फेरीत शेअरमागे सहा रुपये गेले, वर ब्रोकरेज आणि कर. ज्याला व्यापारी ‘व्हिपसॉ’ म्हणतात तो हाच. इथे नियम चुकीचा लागू झालेला नाही. आवर्तनाची लांबी आणि सरासरीचा उशीर यांचं जमलं नाही, एवढंच.

उशीर कधी परवडतो

मग हा नियम इतकी वर्षं टिकला कसा? कारण कधीकधी घसरण उशिरापेक्षा पुष्कळ लांब चालते. एस अँड पी ५०० ने ऑक्टोबर २००७ मध्ये १५६५ चा उच्चांक गाठला. डेथ क्रॉस झाला डिसेंबरच्या उत्तरार्धात, निर्देशांक १४८० च्या आसपास असताना. तिथून बाजार घसरत घसरत मार्च २००९ मध्ये ६७६ पर्यंत गेला. गोल्डन क्रॉस जून २००९ मध्ये, ९०० च्या जवळ झाला. तळापासून बराच वर, म्हणजे खरेदीचा इशारा उशिराच होता. तरीही डिसेंबरात विकणाऱ्याने सुमारे चाळीस टक्के स्वस्तात परत घेतलं.

त्या वेळी आणि २०२० मध्ये वापरलेला नियम एकच, सरासरीही त्याच. फरक बाजाराच्या चालीत होता. २००७ ते २००९ ची घसरण जवळपास सतरा महिने चालली, त्यात दोन-अडीच महिन्यांचा उशीर खपून गेला. २०२० ची घसरण पाच आठवड्यांत आटोपली. आपल्याकडे निफ्टी १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर बंद झाला आणि २३ मार्चला ७,६१० वर. या दोन तारखांमध्ये बाजार पन्नास दिवसही उघडा नव्हता. म्हणजे तळाच्या दिवशी निफ्टीची जी ५० दिवसांची सरासरी निघत होती, तिच्यात शिखराचा भावही मोजला जात होता! पडझड खिडकीपेक्षाच लहान असेल, तर त्या खिडकीतून काढलेला इशारा वेळेवर यावा कसा?

म्हणून एखादी जोडी निवडताना विचारायचा प्रश्न ‘कुठली सर्वांत अचूक?’ हा नव्हे. मला जो ट्रेंड पकडायचा आहे तो किती महिने चालेल अशी माझी अपेक्षा आहे, हा आहे. ५०-२०० ची जोडी वर्ष-दीड वर्षाच्या चालींसाठी आहे. दोन महिन्यांच्या चाली ती पकडू शकत नाही. पकडायला गेली तर उलट्या टोकाला पकडते.

जुन्या चार्टवर सगळं छान का दिसतं

जुना चार्ट उघडला की क्रॉसओव्हर नेमके जागच्या जागी पडल्यासारखे वाटतात. त्याची काही कारणं आहेत. नजर मोठ्या चालींवर जाते, मधले दहा-बारा फसवे छेद रेषांच्या गर्दीत दिसत नाहीत. शिवाय छेदाच्या बिंदूवर बोट ठेवून आपण म्हणतो ‘इथे विकलं असतं’. पण तो बिंदू दोन सरासरींच्या पातळीवर असतो. भाव त्या वेळी दुसरीकडेच असतो. वरच्या उदाहरणात रेषा ११४-११५ च्या दरम्यान छेदल्या, विक्री मात्र ११२ ला किंवा त्याखालीच झाली असती. कारण दिवसाचा बंद भाव कळल्याशिवाय सरासरी निघत नाही, आणि तो कळेपर्यंत त्या दिवसाचा बाजार संपलेला असतो. सौदा होतो तो दुसऱ्या सकाळी, मिळेल त्या भावाला. एखादी पद्धत जुन्या आकड्यांवर तपासताना इशाऱ्याच्याच दिवसाचा बंद भाव धरला असेल, तर तिचा नफा कागदावर फुगलेला असतो.

आणखी एक खोटा छेद ओळखून ठेवावा. कंपनीने एकास एक बोनस दिला की भाव रातोरात साधारण निम्मा होतो. जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त केले नसतील, तर सरासरी गडगडते आणि काही दिवसांत ठसठशीत डेथ क्रॉस उभा राहतो, गुंतवणूकदाराचा एक पैसाही बुडालेला नसताना. चार्टवर एकाच दिवशी भाव निम्मा, तिसरा किंवा पाचवा हिस्सा झालेला दिसला, तर आधी बोनस किंवा स्प्लिटची तारीख पाहावी.

आजच्या भावाचं वजन

शेवटी एक छोटा हिशेब, जो कोणालाही घरी करता येतो. आजचा भाव ५० दिवसांच्या सरासरीत पन्नासावा हिस्सा असतो, म्हणजे २ टक्के. २०० दिवसांच्या सरासरीत तो अर्धा टक्का असतो. दोन रेषांमधलं अंतर आजच्या भावाने हलतं ते या दोहोंतल्या फरकाएवढं, दीड टक्का. निफ्टी आज १०० पॉइंट पडला काय किंवा चढला काय, दोन सरासरींमधल्या अंतरात त्यामुळे दीड पॉइंटाचा फरक पडतो. बाकी सगळं आधीच घडून गेलेल्या भावांनी ठरवलेलं असतं. हे भाव सगळ्यांना माहीत असतात, खिडकीतून उद्या, परवा, तेरवा कुठला भाव बाहेर पडणार तेही माहीत असतं. म्हणूनच ५०-२०० चा क्रॉस साधारण कुठल्या आठवड्यात येणार, हे स्प्रेडशीट उघडून कितीतरी दिवस आधी सांगता येतं.

तेव्हा डेथ क्रॉसची बातमी आली की दोन गोष्टी पाहाव्यात. शिखरापासून भाव किती पडून झाला आहे, आणि पडायला लागून किती दिवस झाले आहेत. पडझड दोन-चार आठवड्यांतच खोल गेली असेल, तर इशारा बहुधा चाल संपता संपता आला आहे. सावकाश उतरणाऱ्या बाजारात, शिखरापासून थोड्याच अंतरावर छेद पडला असेल, तर त्याला काही अर्थ असू शकतो. पुढे बाजार कुठे जाईल हे त्या दोन रेषांना ठाऊक नसतं. मागे काय झालं तेवढं त्या नीट सांगतात.